क्यूसी अ‍ॅनालिस्टचा रेझ्युमे क्षेत्राबाहेरच्या माणसाने कसा वाचावा

प्रश्न: मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, नंतर एचआरमध्ये एमबीए केले. वाळूजच्या एका औषध कंपनीत भरतीचे काम पाहते. क्यूसी अ‍ॅनालिस्टच्या एका जागेसाठी दीड-दोनशे रेझ्युमे येतात आणि प्रत्येकात एचपीएलसी, ओओएस, एएमव्ही, एलओडी असे शब्द खच्चून भरलेले असतात. मला सगळे सारखेच दिसतात. विभागप्रमुखांकडे वीस पाठवले की ते पंधरा परत करतात. रसायनशास्त्र न शिकता पहिली चाळणी नीट कशी लावू?

उत्तर:

नामे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी क्रियापदे वाचा. या सल्ल्यामागे आमच्या कामाची रीत आहे. औषधांच्या प्रयोगशाळेत निकालाच्या कागदावर निदान दोन आणि बहुधा तीन स्वाक्षऱ्या असतात: चाचणी करणाऱ्याची, ती तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची. ज्याने काम केले त्यानेच ते तपासून मोकळे व्हायचे नाही, हा जीएमपीचा पाया आहे. त्यामुळे रेझ्युमेत येणारी "परफॉर्म्ड", "रिव्ह्यूड" आणि "अप्रूव्ह्ड" ही तीन क्रियापदे म्हणजे प्रयोगशाळेतल्या तीन वेगवेगळ्या खुर्च्या आहेत. पहिल्या खुर्चीवरचा माणूस स्वतः द्रावण बनवतो, यंत्र चालवतो आणि नोंद लिहितो. दुसरा त्या नोंदी, आलेख आणि गणिते ओळीने तपासतो. तिसरा निकाल पुढे जाऊ द्यायचा की नाही हे ठरवतो. तुमची जागा अ‍ॅनालिस्टची असेल तर तुम्हाला पहिल्या खुर्चीवरचा माणूस हवा आहे, आणि तो ओळखण्यासाठी एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, त्याच्या आत काय चालते हे कळण्याची गरज नाही.

याच्या उलट बाजूला काही क्रियापदे अशी आहेत की त्यांना खुर्चीच नाही. "इन्व्हॉल्व्ह्ड इन मेथड व्हॅलिडेशन", "एक्स्पोजर टू जीसी", "नॉलेज ऑफ ओओएस", "हँड्स ऑन एचपीएलसी" या शब्दांवर कोणाची स्वाक्षरी नसते. उमेदवार खोटे बोलत आहे असा याचा अर्थ लगेच काढू नका. पुष्कळ मुले महाविद्यालयातल्या मोठ्या मुलांचा रेझ्युमे घेऊन त्यात फक्त नाव आणि कंपनी बदलतात, आणि खरे काम केलेले असूनही ते लिहायचे कसे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून अशा ओळीवर "नाही" असा शिक्का न मारता "विचारायचे" एवढीच खूण करा. त्या खुणेचे काय करायचे ते पुढे येईल.

क्रियापदानंतर पाहायचा तो सेक्शन. क्यूसी हे एकच काम नाही. कच्च्या मालाचा सेक्शन, पॅकिंगच्या मालाचा, उत्पादन चालू असताना घेतलेल्या नमुन्यांचा, तयार मालाचा, स्टॅबिलिटीचा आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा, असे बहुतेक मोठ्या कारखान्यांत वेगळे सेक्शन असतात, आणि माणूस वर्षानुवर्षे त्यातल्या एखाद-दुसऱ्यातच काम करतो. पॅकिंगच्या मालाच्या सेक्शनमध्ये चार वर्षे काढलेला अ‍ॅनालिस्ट छापील कार्टनवरचा मजकूर, फॉइलची जाडी, बाटलीची मापे हे सगळे डोळ्यांत तेल घालून तपासत असेल, तरी त्याने एचपीएलसीला क्वचितच हात लावलेला असेल. रेझ्युमेत हे सेक्शन दोन अक्षरांत येतात: आरएम, पीएम, एफपी. आमच्याकडच्या एका भरती अधिकाऱ्याने "पीएम"चा अर्थ प्रोजेक्ट मॅनेजर असा घेतला आणि दोन वर्षे अनुभवाच्या मुलाला व्यवस्थापनाचा अनुभव असल्याची टीप लिहून रेझ्युमे माझ्याकडे पाठवला. त्यांची चूक समजण्यासारखी होती, कारण यंत्रविभागात त्याच दोन अक्षरांचा अर्थ यंत्रांची वेळापत्रकानुसार देखभाल असा होतो. आमच्या विभागात मात्र पीएम म्हणजे पॅकिंग मटेरिअल. तेव्हा जागा कोणत्या सेक्शनची आहे हे विभागप्रमुखांकडून आधी लिहून घ्या. परत आलेल्या तुमच्या पंधरा रेझ्युमेंपैकी बरेचसे या एकाच कारणाने आले असावेत, असा माझा अंदाज आहे.

एकाच संक्षेपाचे दोन अर्थ होणे ही या रेझ्युमेंमधली सर्वात फसवी गोष्ट आहे, आणि तुम्ही प्रश्नात लिहिलेला एलओडी हा तिचा उत्तम नमुना. एक एलओडी म्हणजे लॉस ऑन ड्राइंग: पावडर ठरलेल्या तापमानाला वाळवायची आणि वजन किती घटले ते पाहायचे. कच्च्या मालाच्या सेक्शनमध्ये हे रोजचे, साधे काम आहे आणि नवीन मुलाला सुरुवातीलाच ते देतात. दुसरा एलओडी म्हणजे लिमिट ऑफ डिटेक्शन: एखादी अशुद्धी कमीत कमी किती प्रमाणात असली तरी ही पद्धत तिला पकडू शकते याची मर्यादा. ती काढणे हा मेथड व्हॅलिडेशनचा भाग आहे. अक्षरे तीच असली तरी अनुभवात मोठे अंतर आहे. ओळखायचे शेजाऱ्यांवरून. त्या ओळीत टायट्रेशन, केएफ, अ‍ॅश, मेल्टिंग पॉइंट असे शब्द असतील तर तो वाळवण्याचा एलओडी. एलओक्यू, लिनिअ‍ॅरिटी, प्रिसिजन असे शब्द असतील तर तो मर्यादेचा. आरएस हा दुसरा तसाच शब्द. कधी तो रिलेटेड सब्स्टन्सेस, म्हणजे औषधातल्या अशुद्धींची चाचणी असतो, तर कधी रेफरन्स स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेला प्रमाण नमुना. "अ‍ॅसे, आरएस, डिसोल्यूशन" असे ओळीने आले तर ती चाचणी आहे. "मेंटेनन्स ऑफ आरएस" असे आले तर तो माणूस प्रमाण नमुन्यांचा साठा सांभाळत होता. आमच्या क्षेत्रातले शब्द एकेकटे हिंडत नाहीत, आणि शेजार पाहण्याची सवय लागली की शब्दाचा अर्थ पाठ नसला तरी पुष्कळ काम होते.

आता ज्या शब्दावर सर्वात जास्त रेझ्युमे उभे राहतात आणि ज्याच्यामुळे सर्वात जास्त मुलाखती फुकट जातात, त्या मेथड व्हॅलिडेशनकडे येऊ. रेझ्युमेत तो "एएमव्ही" असाही लिहितात. चाचणीची एखादी पद्धत जे मोजायचे तेच आणि पुरेशा अचूकपणे मोजते, हे प्रयोग करून कागदावर सिद्ध करणे म्हणजे व्हॅलिडेशन. त्यासाठी औषधांचे नियम देशोदेशी सारखे करू पाहणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू२ ही मार्गदर्शक सूचना आहे आणि तिची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य झाली. तिच्यात पद्धतीचे जे गुण तपासायचे ते नावानिशी दिलेले आहेत. ज्याने हे काम खरोखर केले आहे त्याच्या रेझ्युमेत "एएमव्ही"च्या आसपास स्पेसिफिसिटी, लिनिअ‍ॅरिटी, अ‍ॅक्युरसी, प्रिसिजन, रोबस्टनेस यांपैकी दोन-तीन तरी येतात, आणि प्रोटोकॉल किंवा रिपोर्ट हा शब्दही येतो, कारण आधी प्रोटोकॉल मंजूर झाल्याशिवाय व्हॅलिडेशनचा पहिला थेंबही यंत्रात जात नाही. हे शेजारी नसतील तर "विचारायचे" ही खूण. एखाद्याने क्यू२ची जुनी आवृत्ती, म्हणजे आर१, लिहिली असेल तर मात्र तो दोष धरू नका. त्याने केले तेव्हा तीच लागू होती.

याच शब्दाच्या दोन भावंडांची ओळख असावी. औषधकोशात छापलेली, आधीच सिद्ध असलेली पद्धत आपल्या प्रयोगशाळेत आपल्या मालासाठी चालते एवढेच दाखवणे याला व्हेरिफिकेशन म्हणतात. एका प्रयोगशाळेतली पद्धत दुसरीकडे नेऊन तिथेही तसेच निकाल येतात हे दाखवणे याला ट्रान्स्फर म्हणतात. अमेरिकेच्या औषधकोशात या तिन्हींना स्वतंत्र प्रकरणे आहेत: ट्रान्स्फरला १२२४, व्हॅलिडेशनला १२२५, व्हेरिफिकेशनला १२२६. रोजच्या क्यूसीतल्या मुलाने बहुधा व्हेरिफिकेशन किंवा ट्रान्स्फर केलेले असते आणि रेझ्युमेत तो सरसकट व्हॅलिडेशन लिहितो, कारण प्रयोगशाळेत बोलतानाही सगळे तसेच बोलतात. पद्धत नव्याने बसवण्याचे आणि पूर्ण व्हॅलिडेशनचे काम पुष्कळ कंपन्यांत संशोधन केंद्रातल्या एएमडी किंवा एडीएल नावाच्या गटाकडे असते. तुमची जागा तयार मालाच्या सेक्शनची, तीन पाळ्यांची असेल, तर एएमडीचा गडगंज रेझ्युमे पाहून हरखू नका. तो माणूस हुशार असेलच, पण एका पद्धतीवर महिना घालवायची सवय असलेला माणूस रोज सुटणाऱ्या बॅचच्या रेट्यात रमेल की नाही, हे विचारूनच पाठवा. आणखी एक गोष्ट: प्रोसेस व्हॅलिडेशन, क्लीनिंग व्हॅलिडेशन आणि संगणक प्रणालीचे व्हॅलिडेशन ही वेगळी कामे आहेत. शोधपेटीत नुसते "व्हॅलिडेशन" टाकले तर ती सगळी माणसे येऊन पडतात.

"एफडीए अप्रूव्ह्ड" या शब्दाविषयी थोडे थांबून लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या रेझ्युमेंमध्ये तो फार दिसतो आणि बाहेरच्या माणसाला हमखास चकवतो. वाचणाऱ्याला वाटते की अमेरिकेच्या एफडीएने या उमेदवाराला काही प्रमाणपत्र दिले आहे. अमेरिकेची संस्था अशी माणसांना मान्यता देत नाही. इथे एफडीए म्हणजे आपल्या राज्याचे अन्न व औषध प्रशासन. औषध नियम, १९४५ नुसार चाचणीचे काम पाहणारा तांत्रिक माणूस परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने मान्य केलेला असावा लागतो, आणि त्या मान्यतेविषयी उमेदवार लिहीत असतो. ही मान्यता मोलाची आहे, आणि जागेला ती आवश्यक असेल तर विभागप्रमुख तसे सांगतीलही. तिची पडताळणी तुमच्या आवाक्यात आहे, कारण मान्यतेचे पत्र मागता येते. अमेरिकेच्या एफडीएशी उमेदवाराचा संबंध वेगळ्या ओळीत येतो, तो तपासणीच्या: "फेस्ड यूएसएफडीए ऑडिट". तिथेही कारखान्यात तपासणी झाली तेव्हा हा तिथे नोकरीला होता, की निरीक्षकाने याच्या टेबलाशी उभे राहून याला प्रश्न विचारले, यात फरक आहे. रेझ्युमेवरून तो कळत नाही. "निरीक्षकाने तुम्हाला स्वतः काय विचारले?" या एका प्रश्नावरून कळतो. ज्याला विचारले होते त्याला ते शब्दशः आठवते.

ओओएस हा शब्द पाहून काही भरती अधिकारी बिचकतात. निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, म्हणजे हा माणूस चुका करतो, असा त्यांचा समज होतो. तसे नाही. माल खरोखर बिघडलेला असेल तर तो पकडणारा अ‍ॅनालिस्ट त्याचे कामच करत असतो. अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये ओओएसच्या तपासाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२२ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा रोख असा की आधी प्रयोगशाळेतच चूक झाली का ते पाहायचे, वापरलेली द्रावणे तोवर फेकायची नाहीत, आणि तिथे कारण सापडले नाही तर तपास उत्पादनापर्यंत न्यायचा. पुन्हा पुन्हा चाचणी करून मनासारखा निकाल आला की थांबायचे, ही वाट १९९३ सालच्या बार लॅबोरेटरीज खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने बंद केली. म्हणून ओओएसच्या तपासात अ‍ॅनालिस्ट म्हणून भाग घेतल्याचे ज्याने स्पष्ट लिहिले आहे, त्याला मी झुकते माप देतो. फोनवर बोलताना मात्र कोणी "पुन्हा इंजेक्ट केले, पास झाले" असे सहज म्हणून गेला, तर ते वाक्य जसेच्या तसे टिपून विभागप्रमुखांना द्या. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी तुमची नाही, पण ते वाक्य हरवू देऊ नका.

आता शोधण्याविषयी. इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्यातला दोष भरती विभागाचा नव्हता, माझा होता. वेर्ण्याच्या एका प्रयोगशाळेत असताना मी भरती विभागाला एक ओळीची यादी दिली होती: एचपीएलसी, तीन वर्षे. त्यांनी प्रामाणिकपणे तीच लावली. काही महिन्यांनी एका मुलीची ओळख झाली. तिने आमच्याकडे अर्ज केला होता आणि तो पहिल्याच चाळणीत गळला होता. तिच्या रेझ्युमेत एचपीएलसी हा शब्द नव्हता, यूपीएलसी होता. ते त्याच जातीचे, जास्त दाबावर चालणारे आणि जास्त वेगवान यंत्र आहे. ते चालवणाऱ्याला एचपीएलसी शिकवावे लागत नाही. तेव्हापासून मी शब्द देताना त्याची सगळी रूपे देतो. रेझ्युमेंच्या साठ्यात शोधताना ती साधारण अशी टाकता येतात:

```
HPLC OR UPLC OR UHPLC OR "liquid chromatography"
OR Empower OR Chromeleon OR LabSolutions OR OpenLab
```

दुसऱ्या ओळीतली चार नावे ही यंत्राला जोडलेल्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत. ज्याने यंत्र चालवले त्याने यांपैकी एखादे तरी रोज उघडलेले असते, त्यामुळे यंत्राचे नाव राहून गेले तरी सॉफ्टवेअरचे नाव येते. दोन्ही ओळी "किंवा"ने जोडलेल्या आहेत, "आणि"ने नाहीत, याकडे लक्ष द्या. सुरुवातीला जाळे मोठे ठेवायचे आणि माणसाच्या डोळ्यांनी लहान करायचे.

आकडा दिलेला असेल तर तो तुम्ही शाळेच्या गणिताने तपासू शकता. समजा कोणी लिहिले आहे की मी रोज पन्नास बॅचचे आरएस एचपीएलसीवर करत होतो. अशुद्धींच्या चाचणीत एक इंजेक्शन पन्नास-साठ मिनिटे चालणे नेहमीचे आहे. एक कोरे द्रावण, एक यंत्राची योग्यता पाहणारे, सहा प्रमाण द्रावणाची आणि तीन बॅचची प्रत्येकी दोन, अशी चौदा इंजेक्शने झाली. तासाला एक धरले तरी तीन बॅचला यंत्र चौदा तास अडकते. पन्नास बॅचचा आकडा पूर्ण सेक्शनचा असू शकेल, एका माणसाचा नाही. आकडा न देणारा दोषी ठरत नाही, पण पटेल असा आकडा देणारा माणूस बहुधा तिथे उभा राहिलेला असतो.

हे सगळे एकत्र कसे चालते ते दोन रेझ्युमे शेजारी ठेवून पाहू. दोन्ही मी रचलेले आहेत, पण असे रोज येतात. जागा तयार मालाच्या सेक्शनची आहे, गोळ्या आणि कॅप्सूल, तीन ते पाच वर्षे अनुभव, पाळ्या. पहिला उमेदवार एमएस्सी, चार वर्षे, दोन कंपन्या. त्याच्या कौशल्यांच्या चौकटीत एचपीएलसी, जीसी, यूव्ही, एफटीआयआर, केएफ, डिसोल्यूशन, एएमव्ही, ओओएस, ओओटी, कापा, चेंज कंट्रोल, लिम्स आणि तीन देशांच्या तपासण्यांची नावे आहेत. कामाच्या वर्णनात दोन ओळी: "रिस्पॉन्सिबल फॉर ऑल क्यूसी अ‍ॅक्टिव्हिटीज", "इन्व्हॉल्व्ह्ड इन मेथड व्हॅलिडेशन अँड ऑडिट". दुसरी उमेदवार बीएस्सी, साडेतीन वर्षे, एक कंपनी. तिने लिहिले आहे की एफपी आणि स्टॅबिलिटीच्या गोळ्यांचे अ‍ॅसे, आरएस आणि डिसोल्यूशन स्वतः केले, सॉफ्टवेअर एम्पॉवर, आठवड्याला सुमारे आठ बॅच, यूव्ही आणि डिसोल्यूशन यंत्राचे कॅलिब्रेशन केले, ओओएसच्या प्रयोगशाळेतल्या तपासात दोनदा संबंधित अ‍ॅनालिस्ट म्हणून जबाब दिला, गेल्या सहा महिन्यांपासून कच्च्या नोंदींचे रिव्ह्यू करते.

शब्द मोजणाऱ्या चाळणीत पहिला जिंकतो. वर सांगितलेल्या रीतीने वाचले तर पहिल्याच्या रेझ्युमेत चौदा-पंधरा नामे आहेत आणि स्वाक्षरीचे क्रियापद एकही नाही. सेक्शन लिहिलेला नाही. गोळी, इंजेक्शन, सिरप यांपैकी काय तपासले ते नाही. एएमव्हीच्या आसपास लिनिअ‍ॅरिटी, प्रिसिजन असा एकही शेजारी शब्द नाही. "सगळ्या क्यूसी कामांची जबाबदारी" चार वर्षांच्या मुलाकडे कोणत्याही नियमित कारखान्यात नसते. दुसरीचा सेक्शन जुळतो, चाचण्या एकमेकींच्या शेजारी शोभतात, आठवड्याला आठ बॅच हा आकडा पटतो, आणि पहिल्या खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे सरकण्याची वेळही बरोबर आहे. तिला पाठवा, बीएस्सी असली तरी, जर जागेसाठी एमएस्सी खरोखर आवश्यक नसेल. ही अट पुष्कळदा सवयीने छापलेली असते, म्हणून ती विभागप्रमुखांना एकदा विचारून घ्या. पहिल्याला नाकारू नका. त्याला फोन करा.

फोनवर विचारायचे प्रश्न असे असावेत की ज्यांचे उत्तर छोटे आहे आणि तुमच्याजवळच्या कागदावर लिहिलेले आहे. मी आमच्या भरती विभागाला तीन दिले होते. पहिला: तुम्ही कोणत्या सेक्शनला होता आणि सकाळी आल्यावर हातात काय पडायचे? याला उत्तर ठरलेले नाही, पण खऱ्या माणसाच्या बोलण्यात नमुना कुठून यायचा, पाळी कोणती, लॉगबुक कुठे भरायचे हे आपोआप येते. दुसरा: डिसोल्यूशनला पहिल्या टप्प्यात किती गोळ्या लावता? सहा. मर्यादेत बसले नाही तर आणखी सहा, आणि तरीही नाही तर आणखी बारा. ज्याने गोळ्यांवर काम केले आहे तो "सहा" म्हणायला विचार करत नाही. तिसरा: प्रमाण द्रावणाची किती इंजेक्शने देता आणि का? पाच किंवा सहा, आणि कारण असे की ती एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहायचे असते. तो आरएसडी, म्हणजे त्या इंजेक्शनांतली टक्क्यांत मोजलेली तफावत, हा शब्द बोलेल, आणि तिची मर्यादा बहुधा दोन टक्के सांगेल. अमेरिकेच्या औषधकोशात हीच गोष्ट अशी आहे की मर्यादा दोन टक्के किंवा कमी असेल तर पाच इंजेक्शने, जास्त असेल तर सहा. कोणी वेगळा आकडा सांगितला तर तिथेच वाद घालू नका, कारण एखाद्या मालाची पद्धत वेगळी असू शकते. उत्तर लिहून घ्या. पण कारणच सांगता आले नाही तर बहुधा त्याने यंत्राशेजारी उभे राहून पाहिले आहे, चालवलेले नाही. आपल्या पहिल्या उमेदवारासारखी मुले या तीन प्रश्नांत पुष्कळदा मोकळेपणाने सांगतात की साडेतीन वर्षे कच्च्या मालाला होतो, टायट्रेशन आणि केएफ करत होतो, एचपीएलसीवर शेवटचे चार महिने बसलो. मग तुमच्या हाती कच्च्या मालाच्या सेक्शनसाठी एक चांगला उमेदवार आलेला असतो. त्याचा रेझ्युमे त्या नोंदीसह जपून ठेवा.

या रीतीला मर्यादा आहे. उमेदवाराला आलेखातले शिखर नीट वाचता येते का, चुकलेले द्रावण लपवेल की सांगेल, हे तुमच्या वाचनातून कळणार नाही आणि कळावे अशी अपेक्षाही करू नये. म्हणून एक नियम मी फार आग्रहाने सांगतो: जो शब्द तुम्हाला कळत नाही त्याच्या असण्यावर किंवा नसण्यावर कोणालाही नाकारू नका. नाकारायचे ते तुम्हाला पूर्ण कळणाऱ्या गोष्टींवर: सेक्शन जुळत नाही, पाळीला तयार नाही, नोटीस पिरियड चालणार नाही, पगाराची अपेक्षा फार दूर आहे. बाकी शंका असेल तिथे फोन.

आणि ही चाळणी वापरायला लागण्यापूर्वी ती एकदा तपासून घ्या. तुमच्याच प्रयोगशाळेत आज उत्तम काम करणाऱ्या पाच अ‍ॅनालिस्टचे, ते रुजू झाले तेव्हाचे रेझ्युमे तुमच्या फायलींत असतील. त्यांत न निवडलेले पाच मिसळा, नावे झाका आणि वर सांगितल्याप्रमाणे वाचून तीन गठ्ठे करा: पाठवायचे, विचारायचे, नाही. विभागप्रमुखांनाही तेच दहा वेगळे वाचायला द्या. तुमच्या "नाही"च्या गठ्ठ्यात आजच्या चांगल्या माणसांपैकी कोणी सापडला, तर त्याच्या रेझ्युमेतला कोणता शब्द किंवा कोणती गैरहजेरी तुम्हाला खटकली ते विभागप्रमुखांसमोर ठेवा. अर्धा तास पुरतो. माझी ती एचपीएलसीची एक ओळीची यादी अशा बैठकीत पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.